निरंक, रिकामा आणि न आलेला

सरकारी कचेरीत ज्याने एखादं वर्ष काढलं आहे त्याला 'निरंक' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. विवरणपत्राच्या ज्या रकान्यात सांगण्यासारखं काही नाही तिथे तो लिहायचा आणि खाली सही ठोकायची. शब्द छोटा असला तरी ते एक विधान आहे. मी प्रश्न वाचला, आठवून पाहिलं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, असं माणूस त्यातून लिहून देतो. नुसता कोरा सोडलेला रकाना असं काहीच सांगत नाही. प्रश्न वाचलाच नसेल, कळला नसेल किंवा टाळला असेल, काहीही असू शकतं. आणि जो फॉर्म टेबलावर आलाच नाही, त्याबद्दल तर बोलायलाच नको.

हितसंबंधांची घोषणापत्रं आणि भेटवस्तूंची निवेदनं गोळा करून त्यांची एक नोंदवही तयार करणं हे कम्प्लायन्स विभागाचं दरवर्षीचं काम. कोलशेत रोडवरच्या एका रासायनिक कंपनीत हे काम मी काही वर्षं केलं. पहिल्या वर्षी आमच्या एक्सेलमध्ये या तिन्ही गोष्टी एकाच चिन्हाने दाखवल्या होत्या. एक आडवी रेघ. निरंकलाही रेघ, रिकाम्यालाही रेघ, न आलेल्या फॉर्मसाठीही रेघ. अंतर्गत लेखापरीक्षकाने विचारलं, "या रेघांपैकी किती जणांनी खरोखर 'नाही' असं म्हटलंय?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. फॉर्मवरची माहिती नोंदवहीत उतरवताना काय हरवतं, हा प्रश्न तिथून माझ्या मागे लागला. या लेखात त्याचाच आढावा घेतो आहे.

नोंदवही मागतं कोण?

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर तीन वेगवेगळ्या परंपरा इथे एकत्र येतात. पहिली सरकारी नोकराची. राज्याच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत, तर केंद्राच्या कर्मचाऱ्यांना १९६४ चे वर्तणूक नियम. केंद्राच्या नियम १३ मध्ये भेटवस्तूंचं बारकाईने वर्गीकरण आहे. लग्न, धार्मिक कार्य अशा रूढ प्रसंगी जवळच्या नातेवाइकाकडून भेट घेता येते, पण तिची किंमत ठरावीक मर्यादेच्या वर गेली तर कळवावं लागतं. २०१९ पासून ही मर्यादा गट अ आणि ब साठी २५,००० रुपये, तर गट क साठी ७,५०० रुपये आहे. इतर बाबतीत भेट घ्यायची असेल तर अनुक्रमे ५,००० आणि २,००० रुपयांपुढे आधी परवानगी लागते. यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नियम फक्त किंमत विचारत नाही. देणारा कोण, प्रसंग कोणता आणि घेणारा कोणत्या गटातला, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर निकाल ठरतो. म्हणजे नोंदवहीत नुसता रुपयांचा रकाना असून भागत नाही.

दुसरी परंपरा कंपनी कायद्याची. २०१३ च्या कायद्याच्या कलम १८४ नुसार प्रत्येक संचालक आपले हितसंबंध एमबीपी-१ या नमुन्यात कळवतो. कलम १८९ नुसार त्यातून निघणारे करार एमबीपी-४ या नोंदवहीत जातात. ती नोंदवही कायमची जपायची असते, आणि संचालकांनी दिलेल्या मूळ सूचना आठ वर्षं. मूळ कागद आणि त्यावरून केलेली नोंद या दोन वेगळ्या वस्तू आहेत, दोन्ही ठेवाव्या लागतात, हे कायद्याने इथे गृहीतच धरलं आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या वरिष्ठ व्यवस्थापनालाही सेबीच्या नियमांनुसार आपला वैयक्तिक हितसंबंध असलेले मोठे व्यवहार संचालक मंडळाला कळवावे लागतात.

तिसरी परंपरा परदेशी मूळ कंपनीकडून आली. कोलशेत, बाळकूम, ढोकाळी हा पट्टा अनेक वर्षं रासायनिक कारखान्यांचा होता. क्लॅरिअंटच्या कारखान्याच्या जमिनीवर आज लोढांचे मनोरे उभे आहेत. अशा बहुराष्ट्रीय कंपन्यांबरोबर अमेरिकेचा १९७७ चा परदेशी लाचविरोधी कायदा आणि ब्रिटनचा २०१० चा लाचविरोधी कायदा यांच्या धाकाने तयार झालेले फॉर्म आले. संचालकांपासून स्टोअरमधल्या कारकुनापर्यंत सगळ्यांनी ते भरायचे. फॉर्मची भाषा इंग्रजी, भरणाऱ्याची मराठी. पुढच्या बहुतेक अडचणी या सांध्यातच जन्माला येतात.

'ब्रदर-इन-लॉ' म्हणजे नक्की कोण?

फॉर्ममधला नेहमीचा प्रश्न असा असतो की तुमचा कोणी नातेवाईक आमच्या पुरवठादाराकडे, ग्राहकाकडे किंवा स्पर्धकाकडे काम करतो का, किंवा त्याचा तिथे धंदा आहे का. कर्मचारी लिहितो, 'माय ब्रदर-इन-लॉ हॅज ट्रान्सपोर्ट बिझनेस.' मराठीत हा माणूस बायकोचा भाऊ असू शकतो, बहिणीचा नवरा असू शकतो, साडू असू शकतो. लिहिणारी बाई असेल तर तो दीर असेल किंवा नणंदेचा नवरा. मराठीत लिहिलेल्या फॉर्मवर 'मेव्हणा' आला तरी बायकोचा भाऊ की बहिणीचा नवरा हा प्रश्न उरतोच. 'कझिन' तर त्याहून अवघड. आतेभाऊ, मामेभाऊ, चुलतभाऊ, मावसभाऊ सगळे त्या एकाच शब्दात बसतात.

याने काय फरक पडतो? कंपनी कायद्यातली नातेवाइकांची यादी फार आखूड आहे. पती किंवा पत्नी, एकत्र कुटुंबातले सदस्य, आईवडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ आणि बहीण. यात साडू नाही, बायकोचा भाऊ नाही, दीर नाही. तेव्हा 'ब्रदर-इन-लॉ' हा शब्द पाहून कोणी नोंदवहीत 'कायद्याने नातेवाईक : नाही' असं भरलं तर ते बरोबरच ठरेल. पण दिवाळीला ज्याच्या घरी जेवायला बसतो त्या साडूच्या टेंपोला काम द्यायचं की नाही, हा प्रश्न कायद्याच्या यादीत नाव नाही म्हणून संपत नाही. कंपनीचं स्वतःचं धोरण बहुधा कायद्याहून रुंद असतं, आणि असायलाही हवं.

याचा अर्थ फॉर्मवरून नोंदवहीत उतरवताना दोन रकाने लागतात. एकात माणसाने लिहिलेले शब्द जसेच्या तसे, चुकीच्या स्पेलिंगसकट. दुसऱ्यात आपण लावलेला अर्थ, ठरावीक यादीतून निवडलेला. त्या यादीत 'पत्नीचा भाऊ', 'बहिणीचा पती', 'साडू', 'दीर', 'नणंदेचा पती' हे सगळे वेगवेगळे हवेत, आणि 'स्पष्ट नाही, विचारायचं' हाही एक पर्याय हवाच. हा पर्याय नसला की उतरवून घेणारा मुलगा अंदाजाने काहीतरी निवडतो, आणि महिन्याभरात तो अंदाज कर्मचाऱ्याचं विधान होऊन बसतो. आपण लावलेला अर्थ कर्मचाऱ्याच्या तोंडी घालायचा नाही, ही या कामातली पहिली शिस्त.

आडनावाच्या जुळणीचा मोहही इथे होतो. पुरवठादारांच्या यादीतली नावं आणि कर्मचाऱ्यांची आडनावं एकमेकांना लावून पाहायची, ही कल्पना कागदावर छान दिसते. पण ठाण्याच्या या आगरी-कोळी पट्ट्यात पाटील, भोईर, म्हात्रे ही आडनावं गावोगाव आहेत. मजूर पुरवणारा, टँकरवाला, कॅन्टीनवाला सगळेच पाटील असले तर जुळणीतून शंभर धागे निघतात आणि त्यातले बहुतेक कुठेच जात नाहीत. पॅन क्रमांकाचं चौथं अक्षर `P` असेल तर तो धंदा एकट्या माणसाच्या नावावर असतो आणि पाचवं अक्षर त्याच्या आडनावाचं आद्याक्षर असतं. पुरवठादाराच्या जीएसटी क्रमांकात पहिल्या दोन अंकांनंतरचे दहा वर्ण म्हणजे त्याचा पॅनच. म्हणून ही तपासणी फुकटात करता येते. पण पाचवं अक्षरही पाटलांचं `P` निघालं की कोलशेतमध्ये त्यातून नवं काय कळणार? ज्या गावात आडनावं मोजकी आहेत तिथे आडनावाच्या जुळणीवरून फक्त विचारायचे प्रश्न काढावेत, निष्कर्ष कधीही काढू नयेत.

कागदावरून पडद्यावर

फॉर्म तीन वाटांनी येतात. ऑनलाइन भरलेले, पीडीएफमध्ये टाइप केलेले आणि हाताने लिहून स्कॅन केलेले. ऑनलाइन फॉर्म सर्वांत सोपे, पण कारखान्यातल्या शिफ्टवरच्या माणसाला कंपनीचा ईमेल नसतो. म्हणून कागद सुटत नाही.

छापील मराठी मजकूर ओळखायला टेसरॅक्ट हे मोफत साधन पुरतं. त्यात मराठीचं `mar` हे भाषा-पॅक घालावं लागतं. फॉर्मवर दोन्ही भाषा असल्या तर दोन्ही सांगाव्या लागतात.

```
tesseract form_017.png form_017 -l mar+eng --psm 6
```

छापलेले प्रश्न यातून बरे वाचले जातात. हाताने लिहिलेली उत्तरं मात्र नाहीत, आणि आपल्याला हवी असतात ती उत्तरंच. म्हणून आम्ही यंत्राला फक्त फॉर्म क्रमांक, कर्मचारी क्रमांक आणि कोणता रकाना भरलेला दिसतो एवढंच ओळखायला ठेवलं. हस्ताक्षरातला मजकूर माणसानेच टाइप करायचा, आणि रकमा दोन वेगळ्या माणसांनी एकमेकांचं न पाहता. दोघांचे आकडे जुळले नाहीत की मूळ पान उघडायचं. पहिल्या वर्षी असे न जुळलेले आकडे बहुतेक एकाच प्रकारचे होते. '५,०००/-' मधली शेवटची तिरकी रेघ कोणी १ वाचत होतं, आणि हाताने काढलेल्या देवनागरी १ आणि ९ मध्ये घोळ होत होता.

टाइप केलेल्या पीडीएफमध्ये दुसरीच गंमत असते. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतो, पण कॉपी करून एक्सेलमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची नुसती खिचडी येते. अशा पानाचं चित्र करून छापील मजकुरासारखं वाचून घेणं, किंवा त्या फॉन्टच्या रूपांतरकातून काढणं, एवढाच उपाय. कळतं कसं? चिकटवल्यानंतर त्या ओळीत एकही देवनागरी वर्ण सापडत नाही.

सर्वांत कपटी अडचण देवनागरी आकड्यांची. साधारण मांडणीत एक्सेल ५००० हे देवनागरीतलं लेखन संख्या न मानता मजकूर मानतं. बेरजेचं `SUM` हे सूत्र मजकुराकडे काणाडोळा करतं आणि कसलीही चूक दाखवत नाही. वर्षभरात एकाच पुरवठादाराने दिलेल्या भेटींची बेरीज आमच्याकडे कमी येत होती, ती यामुळे. पायथन या बाबतीत समंजस आहे, पण मर्यादेत.

```
>>> int("५०००")
5000
>>> int("५,०००/-")
ValueError: invalid literal for int() with base 10: '५,०००/-'
```

निदान इथे चूक ओरडून सांगितली जाते. स्वल्पविराम, 'रु.' आणि '/-' आधी काढून टाकायचे, मग रूपांतर करायचं. पण 'दीड हजार', 'अडीचशे', 'पावणेदोन हजार' हे कुठल्याच तयार साधनाला कळत नाहीत. त्यासाठी एक छोटा तक्ता बनवावा लागतो, आणि त्यात न बसलेलं प्रत्येक उत्तर माणसाकडे पाठवावं लागतं. 'अंदाजे' हा शब्द मात्र काढून टाकायचा नाही. रकमेशेजारी 'अंदाजे की नेमकी' असा रकाना ठेवायचा. आकडा टणक आहे की मऊ हे पुढे फार उपयोगी पडतं.

तारखांचंही तेच. 'पाडव्याला' म्हणजे गुढीपाडवा की दिवाळीतला? पहिला आर्थिक वर्षाच्या शेवटाला किंवा सुरुवातीला येतो, दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. वार्षिक मर्यादेची बेरीज कोणत्या वर्षात धरायची ते यावर ठरतं. म्हणून तीन तारखा वेगळ्या ठेवाव्यात. भेट मिळाली ती, फॉर्मवर लिहिली ती आणि नोंदवहीत उतरली ती. पहिल्या दोन तारखांत चार महिन्यांचं अंतर दिसलं तर तो विसराळूपणा असेल किंवा चौकशीची कुणकुण लागली असेल. नोंदवही त्यावर निकाल देत नाही. तिने फक्त ते अंतर लपवायचं नाही.

एक उदाहरण, पानापानाने

कल्पनेतलं एक उदाहरण घेऊ. चारशे कर्मचाऱ्यांची कंपनी. नियम असा की पुरवठादाराकडून २,००० रुपयांपर्यंतची भेट घेता येते पण नोंदवायची, त्यापुढे आधी विचारायचं. एकाच देणाऱ्याकडून वर्षभरात ५,००० च्या वर गेलं तरी विचारायचं. माल पाठवणीच्या विभागातल्या एका अधिकाऱ्याचे चार कागद आपल्याकडे आले आहेत.

पहिला, एप्रिलमधलं वार्षिक घोषणापत्र, इंग्रजीत : 'ब्रदर-इन-लॉचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, माझ्या कामाशी संबंध नाही.' दुसरा, नोव्हेंबरातला, मराठी हस्ताक्षरात : 'दिवाळीनिमित्त सुक्या मेव्याचा डबा, अंदाजे दीड हजार.' देणारा, आपला एक वाहतूकदार. तिसरा, जानेवारीतला : 'हळदीकुंकू व तिळगूळ समारंभात भिंतीवरचं घड्याळ, ₹१८००', देणारा तोच, पण नावातल्या 'एंटरप्रायझेस'चं 'एंट.' झालेलं. चौथा, मार्चच्या अखेरीचा : 'पाडव्याला चांदीचं नाणं, १० ग्रॅम, किंमत माहीत नाही.' देणाऱ्याचं नाव इंग्रजीत, वेगळ्या स्पेलिंगने.

प्रत्येक कागद एकटा पाहिला तर कुठेच मर्यादा ओलांडलेली नाही. चौथ्यात तर किंमतच नाही. घाईने उतरवणारा तिथे शून्य टाकेल आणि तिन्ही नावं तीन वेगळे देणारे म्हणून नोंदवेल.

आता नीट उतरवू. देणाऱ्याची तिन्ही नावं मूळ शब्दांच्या रकान्यात तशीच राहतील. शेजारच्या रकान्यात पुरवठादार यादीतला एकच संकेतांक येईल, जीएसटी क्रमांकावरून पडताळलेला. मग कळतं की तिन्ही भेटी एकाच फर्मकडून आल्या. नाण्याची किंमत कर्मचाऱ्याने दिलेली नाही, म्हणून 'सांगितलेली किंमत' हा रकाना रिकामाच राहील. 'आम्ही धरलेली किंमत' या वेगळ्या रकान्यात त्या दिवसाचा भाव येईल. समजा चांदी ग्रॅमला १८० रुपये होती, तर १,८०० रुपये. बेरीज १,५०० अधिक १,८०० अधिक १,८००, म्हणजे ५,१००. मर्यादा शंभर रुपयांनी ओलांडली.

पण इथे थांबून पाहायला हवं. ही बेरीज तीन मऊ-टणक आकड्यांची आहे. 'अंदाजे दीड हजार' मधले 'अंदाजे' शंभर रुपये सहज गिळतात. या बेरजेवरून 'नियमभंग' अशी नोंद करणं चूक आणि 'मर्यादेत' असं लिहिणंही चूक. नोंदवहीत 'बेरीज मर्यादेच्या जवळ, खुलासा मागवला' असं जावं. कर्मचाऱ्याला नोटीस जाऊ नये, साधा प्रश्न जावा : डब्याचं बिल किंवा छायाचित्र आहे का, आणि पहिल्या फॉर्मवरचे 'ब्रदर-इन-लॉ' नात्याने कोण?

समजा उत्तर असं आलं : 'ते माझे साडू. त्यांचे स्वतःचे दोन ट्रक आहेत, याच वाहतूकदाराकडे अटॅच आहेत.' आता चित्र पालटलं. साडूचं नाव आपल्या पुरवठादार यादीत नाही आणि कधी येणारही नव्हतं, कारण बिल वाहतूकदाराच्या नावाने निघतं. वाहतूकदाराच्या पॅनचं चौथं अक्षर `F` आहे, म्हणजे भागीदारी फर्म. त्यामुळे आडनावाची चाळणीही इथे निरुपयोगी. नाव, पॅन, पत्ता, काहीही जुळवून हा धागा सापडला नसता. 'ब्रदर-इन-लॉ' या शब्दापुढे 'स्पष्ट नाही' असा शेरा होता आणि कोणीतरी विचारलं, म्हणून तो सापडला. भेटींचा प्रश्न शंभर रुपयांचा होता. खरा प्रश्न वेगळाच निघाला, की या अधिकाऱ्याने त्या वाहतूकदाराच्या गाड्यांचं वाटप ठरवावं का? बहुधा उपाय साधा असतो : ते वाटप दुसऱ्याने करायचं. तो निर्णय, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख हे नोंदवहीत स्वतंत्र रकान्यांत जातं. एप्रिलच्या ओळीत मागे जाऊन 'ब्रदर-इन-लॉ' खोडून 'साडू' लिहायचं नाही. नवी ओळ घालायची आणि जुनीशी जोडायची. नाहीतर एप्रिलपासूनच आपल्याला सगळं ठाऊक होतं असा देखावा तयार होतो.

ताळा

नोंदवही पूर्ण आहे हे कसं ओळखायचं? जुने हिशेबनीस जसा ताळा जुळवत तसाच. मनुष्यबळ विभागाकडून ठरलेल्या तारखेची हजेरीपटावरची संख्या घ्यायची. तिची बरोबरी चार संख्यांच्या बेरजेशी व्हायला हवी : काहीतरी सांगितलेले, निरंक लिहिलेले, फॉर्म आला पण कोरा असलेले आणि फॉर्मच न आलेले. वरच्या उदाहरणात समजा ४१ जणांनी काही सांगितलं, ३१२ निरंक, २९ कोरे, १८ आलेच नाहीत. बेरीज ४००. ३९९ आली तर कोणीतरी गळलंय, ४०१ आली तर एखादा फॉर्म दोनदा उतरलाय. हा ताळा रोज संध्याकाळी जुळवला तर चूक त्याच दिवशी सापडते, वर्षाअखेरी जुळवला तर कधीच नाही.

कम्प्लायन्सच्या माणसाने सर्वांत आधी कुठे पाहावं? त्या ४१ ओळींकडे सगळेच पाहतात. २९ कोऱ्यांकडे पाहिलं पाहिजे, आणि त्यातही खरेदी, स्टोअर, माल पाठवणी आणि गुणवत्ता तपासणी या टेबलांवरच्या लोकांकडे. खरेदी विभागात बारा माणसं आहेत आणि दिवाळी होऊन गेल्यावरही बाराच्या बारा निरंक आहेत, असं असलं तर ते शुद्धतेचं लक्षण आहे की फॉर्म भरण्याची पद्धतच त्या विभागात रुजलेली नाही, हे जाऊन पाहावं लागतं.

दुसऱ्यांनी काय केलं?

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१७ मध्ये याच कामासाठी जी मार्गदर्शिका लागू केली, तिच्यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, हितसंबंधाचे चार प्रकार केले : आर्थिक, आर्थिक नसलेला पण व्यावसायिक, आर्थिक नसलेला वैयक्तिक आणि अप्रत्यक्ष. साडूचे ट्रक चौथ्यात बसतात, आणि यादीत त्यांच्यासाठी घर आहे म्हणूनच लोक ते सांगतात. दोन, संपलेला हितसंबंधही सार्वजनिक नोंदवहीत किमान सहा महिने ठेवायचा आणि खासगी दप्तरात किमान सहा वर्षं. आपल्याकडे 'आता साडूने ट्रक विकले' म्हटलं की ओळच उडवून टाकायची सवय आहे. मागच्या वर्षीचं वाटप तपासायची वेळ आली की मग हात रिकामे राहतात.

आपल्या जवळचं मोठं उदाहरण मुंबईतल्या आयसीआयसीआय बँकेचं. व्हिडिओकॉन समूहाला दिलेल्या कर्जांच्या संदर्भात तेव्हाच्या मुख्य कार्यकारी अधिकारी चंदा कोचर यांच्याबद्दल न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्याकडून चौकशी झाली. ३० जानेवारी २०१९ रोजी बँकेने जे निवेदन प्रसिद्ध केलं, त्यात वार्षिक घोषणापत्रांबाबतची हयगय आणि हितसंघर्षाविषयीच्या आचारसंहितेचा भंग यांचा उल्लेख होता. फौजदारी प्रकरण न्यायालयाच्या वाटेने चाललं आहे, त्यात इथे शिरायचं कारण नाही. या विषयासाठी त्या निवेदनातला एक मुद्दा महत्त्वाचा. बँकेची व्यवस्था संचालकांनी स्वतःहून सांगण्यावर आणि बाजूला होण्यावरच सर्वस्वी अवलंबून होती, आणि सांगण्यातच कसूर झाल्याने ती निष्फळ ठरली, असं बँकेनेच म्हटलं. एवढ्या मोठ्या बँकेची ही कथा, मग चारशे माणसांच्या कंपनीची काय असेल?

नोंदवहीच्या मर्यादा

या कथेतून मर्यादा स्पष्ट होते. फॉर्मवर नसलेलं नोंदवहीत येत नाही. उतरवण्याची पद्धत कितीही नेटकी केली तरी जे लपवलं ते लपलेलंच राहतं. त्याला पर्चेस ऑर्डर, बँक खाती आणि तक्रारपेटी हे वेगळे मार्ग आहेत. नोंदवहीचं काम त्याहून छोटं पण नेमकं आहे. जे सांगितलं ते न बदलता ठेवणं, आणि जे सांगितलं नाही ते 'सांगितलं नाही' असंच ठेवणं. नंतर कधी एखादं प्रकरण निघालंच, तर त्या माणसाने निरंक लिहिलं होतं की रकाना कोरा सोडला होता, यावर त्याची आणि कंपनीची बाजू ठरते. खोटं निरंक हे सहीनिशी केलेलं खोटं विधान असतं. कोरा रकाना हे कंपनीचं दुर्लक्ष असतं, कारण फॉर्म परत पाठवायला हवा होता आणि कोणी पाठवला नाही.

आणखी एक मर्यादा खासगीपणाची. या नोंदवहीत ज्यांनी कुठलाच फॉर्म भरलेला नाही अशा माणसांची नावं असतात : साडू, भावजय, शेजारी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आल्यावर ही माहिती कोण पाहतं याचा हिशेब ठेवलेला बरा. आम्ही साधा उपाय केला. नातेवाइकाचं नाव दोघांनाच दिसेल अशा वेगळ्या पानावर, मुख्य नोंदवहीत फक्त नातं आणि धंद्याचा प्रकार. विभागप्रमुखाला 'साडूचे ट्रक' एवढं कळलं तरी वाटप दुसऱ्याकडे द्यायला ते पुरेसं असतं.

त्या आडव्या रेघा आम्ही दुसऱ्या वर्षी काढून टाकल्या. त्यांच्या जागी तीन शब्द आले : 'निरंक', 'कोरा', 'नाही आला'. लेखापरीक्षक पुन्हा आला तेव्हा त्याने तोच प्रश्न विचारला. या वेळी आकडा सांगता आला. तो ऐकून त्याने पहिली मागणी केली ती कोऱ्यांच्या यादीची.